हिमोग्लोबिन कमी, आरडीडब्ल्यू जास्त: सीबीसीचा रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचा

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की नजर पहिल्या ओळीवर जाते. हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि पुढचा थांबा थेट औषधाचं दुकान असतो. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, दीड-दोन महिन्यांनी आकडा जेमतेम पाऊण-एक ग्रॅमने वर आलेला असतो, आणि मग 'मला लोह लागूच पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. अशा पुष्कळ रिपोर्टांत उत्तर चार-पाच ओळी खाली छापलेलं असतं. ती ओळ म्हणजे आरडीडब्ल्यू, लाल पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगणारा आकडा.

या लेखात सीबीसीतला प्रत्येक आकडा घेतलेला नाही. हिमोग्लोबिन कमी आणि आरडीडब्ल्यू जास्त, ही एकच जोडी घेतली आहे. तिच्यातही सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार आहे तो एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल असण्याचा, म्हणून त्याच्यावर जास्त थांबू.

१. रक्त देण्याआधी

सीबीसीला उपाशीपोटी जावं लागत नाही. चहा-नाश्ता करून गेलात तरी हिमोग्लोबिन आणि पेशींचे आकडे बिघडत नाहीत. पण त्याच वेळी लोहाच्या तपासण्या करायच्या असतील तर सकाळी उपाशीपोटी आणि आदल्या दिवशीची लोहाची गोळी न घेता जावं, कारण गोळी घेतल्यावर रक्तातलं लोह काही तास चढलेलं असतं.

खरी तयारी वेगळीच आहे. मागच्या तीन महिन्यांत काय काय घेतलं त्याची चिठ्ठी लिहून न्या. लोहाच्या गोळ्या, बी-१२ची इंजेक्शनं, रक्ताची बाटली, रोजची पित्ताची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन, सांधेदुखीच्या गोळ्या. यातलं प्रत्येक पुढे रिपोर्टचा अर्थ बदलतं. जुने रिपोर्ट असतील तर तेही सोबत ठेवा. एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त बोलते.

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं जातं. नळी खुणेपर्यंत भरलेली हवी आणि रक्त घेतल्यावर लगेच सात-आठ वेळा हलक्या हाताने उलटसुलट केलेली हवी. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त काढू देऊ नका. पातळ झालेल्या नमुन्यात हिमोग्लोबिन आणि पेशींची संख्या खोटीच खाली येते.

सावधान: गावातल्या शिबिरात घेतलेला नमुना गगनबावडा किंवा राधानगरीहून कोल्हापूरच्या लॅबला दुसऱ्या दिवशी पोहोचला, तर वाटेत पेशी फुगतात. एमसीव्ही खोटा वाढतो, आरडीडब्ल्यूही वर सरकतो. रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि तपासल्याची अशा दोन्ही वेळा असतात, त्या आधी बघा. मधे पूर्ण दिवस गेला असेल तर या दोन आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नका, ताज्या नमुन्यावर पुन्हा करून घ्या.

२. रिपोर्ट विश्वासाचा आहे का, एक मिनिटाची पडताळणी

पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे तो आकडा. हिमोग्लोबिनला तीनने गुणा. उत्तर पीसीव्हीच्या (काही रिपोर्टांत हिमॅटोक्रिट) आसपास यायला हवं, दोन-तीनचा फरक चालतो. पेशी फिकट असतील तर पीसीव्ही या उत्तरापेक्षा थोडा जास्तच निघतो, ती चूक नव्हे. पण हिमोग्लोबिन ९ आणि पीसीव्ही ३८ असं काही दिसलं, तर नमुन्यात, मशीनमध्ये किंवा टायपिंगमध्ये गडबड आहे.

दुसरी नजर एमसीएचसीवर टाका, म्हणजे लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय त्या आकड्यावर. हा आकडा साधारण ३२ ते ३६च्या मधे असतो. तो ३७च्या पुढे गेला तर बहुतेक वेळा पेशी एकमेकींना चिकटल्या आहेत, नमुन्यात चरबी आहे किंवा पेशी नळीतच फुटल्या आहेत. अशा वेळी लॅबला फोन करून विचारण्यात कमीपणा नाही. चांगली लॅब स्वतःहून नमुना पुन्हा लावते.

३. हिमोग्लोबिन: आधी स्वतःची सीमा ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे प्रौढ पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदरपणात साधारण ११ ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) म्हणतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या सीमा आणखी वेगळ्या. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल रेंज' कधीकधी सगळ्यांना एकच लावलेली असते, म्हणून तिच्या शेजारच्या बाणावर विसंबू नका.

इथे पुरुषांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बाईचं हिमोग्लोबिन १०.५ आलं की घरात काळजी होते, पुरुषाचं ११.५ आलं की 'थोडंच कमी आहे' म्हणून सोडून देतात. वैद्यकीय नजरेने दुसरी गोष्ट जास्त खटकणारी आहे, कारण पुरुषाला दरमहा रक्त जाण्याचं कारण नसतं. ते कुठून जातंय हे शोधावंच लागतं.

४. आरडीडब्ल्यू: सरासरी काय लपवते

एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. ८० ते १०० फेम्टोलीटर हा नेहमीचा पट्टा. आरडीडब्ल्यू सांगतं की पेशी या सरासरीच्या आजूबाजूला किती पसरल्या आहेत. आरडीडब्ल्यू-सीव्ही साधारण ११.५ ते १४.५ टक्के असतं. लॅबप्रमाणे अर्धा-एक टक्का इकडेतिकडे होतो.

समजा एका तालमीत पन्नास किलोची पोरं आणि नव्वद किलोचे पैलवान निम्मेनिम्मे आहेत. सरासरी वजन निघेल सत्तर किलो. कागदावर तालीम अगदी मध्यम वजनाची दिसेल, पण सत्तर किलोचा एकही गडी मातीत सापडणार नाही. एमसीव्ही ८५ आणि आरडीडब्ल्यू २१ असलेला रिपोर्ट अगदी असाच असतो.

काही रिपोर्टांवर आरडीडब्ल्यू-सीव्ही आणि आरडीडब्ल्यू-एसडी असे दोन आकडे असतात. सीव्ही हा टक्केवारीचा आकडा असल्याने पेशी लहान झाल्या की तो थोडा आपोआप फुगतो. एसडी ही थेट मोजलेली रुंदी आहे. दोन्ही जास्त असतील तर तफावत खरी आहे.

तपासा: आरडीडब्ल्यू एकटंच जास्त आहे आणि हिमोग्लोबिन, एमसीव्ही दोन्ही ठीक आहेत का? तसं असेल तर घाबरण्यासारखं नाही, पण कागद फेकूनही देऊ नका. लोह किंवा बी-१२ उतरायला लागलं की हिमोग्लोबिन पडण्याआधी आरडीडब्ल्यू हलू शकतं.

५. आता एमसीव्ही शेजारी ठेवा

हिमोग्लोबिन कमी आणि आरडीडब्ल्यू जास्त हे पक्कं झालं की वाट एमसीव्हीवरून फुटते.

*एमसीव्ही ८०च्या खाली.* सगळ्यात जास्त शक्यता लोहाच्या कमतरतेची. लोहाचा साठा हळूहळू संपतो. कमतरता येण्याआधी तयार झालेल्या पेशी नीट आकाराच्या असतात, नंतरच्या लहान आणि फिकट. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे दोन्ही पिढ्या रक्तात एकत्र फिरतात आणि तफावत वाढते. प्लेटलेट थोड्या वाढलेल्या दिसणं हेही लोहाच्या कमतरतेत नेहमीचं आहे.

इथे गोंधळ होतो तो थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाशी. त्यातही पेशी लहान असतात, पण जन्मापासून सगळ्याच सारख्या लहान असल्याने आरडीडब्ल्यू बहुधा नॉर्मल किंवा किंचित जास्त असतं. शिवाय लाल पेशींची संख्या कमी न होता वाढलेली असते. एक सोपा भागाकार करून बघा: एमसीव्ही भागिले लाल पेशींची संख्या (दशलक्षात). एमसीव्ही ६९ आणि पेशी ४.१ दशलक्ष असतील तर उत्तर जवळपास १७. तेराच्या वर, म्हणजे कल लोहाकडे. एमसीव्ही ६३ आणि पेशी ५.६ दशलक्ष असतील तर उत्तर साधारण ११. तेराच्या खाली, म्हणजे थॅलेसेमियाची तपासणी हवी. हा फक्त कल आहे, निदान नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात आणि तेव्हा हे गणित फसतं.

*एमसीव्ही १००च्या वर.* बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिडची कमतरता आधी डोक्यात यावी. दारू, यकृताचे आजार, थायरॉइड आणि पेशी फुटण्याचे आजार त्यानंतर. साठीच्या पुढच्या माणसात औषधाने काही फरक पडत नसेल तर अस्थिमज्जेच्या आजाराचा विचार डॉक्टर करतात.

*एमसीव्ही ८० ते १००च्या मधे.* इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. रिपोर्टखाली 'नॉर्मोसायटिक अ‍ॅनिमिया' असं छापून येतं, वाचणारा 'नॉर्मल' एवढंच वाचतो. आरडीडब्ल्यू नॉर्मल असतं तर मूत्रपिंडाचा आजार, जुनाट दाह किंवा नुकताच झालेला रक्तस्राव यांचा विचार आधी आला असता. पण आरडीडब्ल्यू १८-२०च्या पुढे असेल तर प्रश्न वेगळा विचारायचा: रक्तात लहान आणि मोठ्या अशा दोन जातींच्या पेशी एकत्र आहेत का? लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले की नेमकं हेच होतं. एक पेशी लहान करतं, दुसरं मोठी करतं, आणि सरासरी ठीक दिसते.

सावधान: मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा लोह अथवा बी-१२ सुरू झालं असेल तर दोन जातींच्या पेशी त्यामुळेही दिसतात. पहिल्या टप्प्यातली चिठ्ठी इथे कामाला येते.

६. एक रिपोर्ट सोबत वाचू

समजण्यासाठी रचलेलं हे उदाहरण आहे, आकडे मात्र नेहमी भेटणारे. वय ४२, कोल्हापुरातली गृहिणी, पूर्ण शाकाहारी, पाळीत सहा-सात दिवस बराच स्राव, आणि अ‍ॅसिडिटीसाठी तीन वर्षं रोज सकाळी पित्ताची गोळी. तक्रार दम लागण्याची. विचारल्यावर पावलांना मुंग्या येतात हेही सांगितलं.

रिपोर्ट असा: हिमोग्लोबिन ९.४, लाल पेशी ३.४२ दशलक्ष, पीसीव्ही २९.१, एमसीव्ही ८५, एमसीएचसी ३२.३, आरडीडब्ल्यू-सीव्ही २१.६, पांढऱ्या पेशी ४,१००, प्लेटलेट १.६२ लाख.

आधी पडताळणी. ९.४ गुणिले ३ म्हणजे २८.२. पीसीव्ही २९.१ आहे, जुळलं. एमसीएचसी पट्ट्यात आहे. रिपोर्ट विश्वासाचा.

हिमोग्लोबिन १२च्या बरंच खाली. एमसीव्ही अगदी मधोमध. इथे थांबलो तर हाती काहीच लागत नाही. आरडीडब्ल्यू २१.६ सांगतंय की ८५ ही सरासरी फसवी आहे. त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खालच्या काठावर. नुसत्या लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट वर असण्याकडे कल असतो. त्या खाली का? बी-१२ कमी झालं की तिन्ही जातींच्या पेशी तयार होणं मंदावतं.

मग स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. त्यात लहान फिकट पेशी आणि त्यांच्या शेजारी मोठ्या अंडाकृती पेशी दिसतात. काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाचपेक्षा जास्त खंड असतात, ही बी-१२ किंवा फोलेट कमी असल्याची खूण. रिपोर्टवर 'डायमॉर्फिक', म्हणजे दोन रूपांच्या पेशी, हा शब्द येतो. पुढे फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, ८ आणि बी-१२ १२८ निघालं. म्हणजे दोन्ही कमी.

हिला नुसतं लोह दिलं असतं तर काय झालं असतं? लहान पेशी सुधारल्या असत्या, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास येऊन अडकलं असतं आणि एमसीव्ही शंभराकडे सरकला असता. नुसतं बी-१२ दिलं असतं तर उलट, एमसीव्ही ८०च्या खाली घसरला असता. एकाच कमतरतेवर उपचार केला की दुसरी अशी उघडी पडते.

७. पुढच्या तपासण्या आणि त्यांचा क्रम

औषध सुरू करण्याआधी एकाच वेळी रक्त द्या: स्मिअर, फेरिटिन, बी-१२, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर रेटिक काउंट, म्हणजे नव्याने तयार झालेल्या लाल पेशींची मोजणी. सगळ्यात जास्त बिघडणारी पायरी हीच. बी-१२चं इंजेक्शन आज आणि तपासणी पुढच्या आठवड्यात, असं झालं तर आकडा हजाराच्या घरात येतो आणि कमतरता कधी होती की नव्हती हे कायमचं कळेनासं होतं.

फेरिटिन १५च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे. व्यवहारात ३०च्या खालीही लोहाची कमतरता मानतात. पण ताप, जंतुसंसर्ग, संधिवात, यकृताचा आजार असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ६० किंवा ८० आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं समजू नका. साधा ताप येऊन गेला असेल आणि घाई नसेल तर दोन-तीन आठवडे थांबून फेरिटिन करणं बरं.

बी-१२ २००च्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३००च्या मधे संशयाचा पट्टा, तिथे लक्षणं आणि स्मिअर बघूनच ठरतं.

थॅलेसेमिया मायनरसाठी एचबी-ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी लागते. ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असतं. लोह खूप कमी असताना मात्र हा आकडा थोडा खाली ओढला जातो. म्हणून आकडा काठावर आला असेल तर आधी लोह भरून काढावं आणि मग पुन्हा तपासावं. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार सुरू असताना ही वाट बघायची नाही. पती-पत्नी दोघांचीही तपासणी लगेच करावी.

कमतरता सापडली म्हणजे शोध संपला असं नाही, ती का झाली हे उरतंच. पाळीचा जास्त स्राव, मूळव्याध, सांधेदुखीच्या गोळ्यांनी पोटात होणारा रक्तस्राव, उसाच्या रानात अनवाणी काम करणाऱ्यांत हुकवर्म जातीचे जंत. पुरुषात आणि पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर पोट-आतड्याची तपासणी टाळू नये, कधीकधी आतड्याच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते.

'आम्ही मटण खाणारे, आम्हाला कसली कमतरता' हे कोल्हापुरात हमखास ऐकू येतं. बुधवारी-रविवारी घरात मटण शिजतं हे खरं, पण ताटात कोणाच्या किती फोडी पडतात ते बघा. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला बऱ्याचदा रस्साच येतो, आणि लोह फोडींत असतं. गुळाचंही तसंच. आपला गूळ चांगलाच आहे, पण गूळ-शेंगदाण्याच्या भरवशावर नऊचं हिमोग्लोबिन बारावर जात नाही.

८. उपचार सुरू झाल्यावर आकडे कसे वाचायचे

औषध आणि मात्रा डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढं सांभाळा: लोहाची गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. पोटाला सोसत नसेल तर बंद करण्याआधी विचारा. दिवसाआड घेऊनही ती चांगली शोषली जाते. शौच काळसर होणं अपेक्षित आहे. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं होणं अपेक्षित नाही, तो रक्तस्राव असू शकतो.

पहिली फेरतपासणी तीन-चार आठवड्यांनी. एवढ्यात हिमोग्लोबिन साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवं. आणि आरडीडब्ल्यू? ते आधी आणखी वाढतं. नव्या नीट आकाराच्या पेशी जुन्या बिघडलेल्या पेशींत मिसळत असतात, त्यामुळे २१चं २५ झालेलं दिसतं आणि लोक घाबरून गोळ्या सोडतात. हिमोग्लोबिन चढतंय आणि आरडीडब्ल्यूही चढतंय, हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. जुन्या पेशी संपत जातात तसं तीन-चार महिन्यांत ते खाली येतं.

हिमोग्लोबिन हललंच नसेल तर याच क्रमाने विचारा: गोळी खरंच रोज पोटात जाते का, रक्त अजून कुठून जातंय का, दुसरी कमतरता राहून गेली का, आणि शेवटी, निदानच वेगळं आहे का. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही लोह आणखी साधारण तीन महिने चालू ठेवावं लागतं, कारण तोवर फक्त रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो.

सावधान: रक्तवाढीच्या बहुतेक गोळ्यांत फोलिक अ‍ॅसिडही असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालू राहतं. मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ सोलवटल्यासारखी होणं यांपैकी काही असेल तर बी-१२ तपासल्याशिवाय अशी गोळी महिनोन्‌महिने घेऊ नका.

९. कधी थांबायचं नाही

हिमोग्लोबिन ७च्या खाली आहे, बसल्याजागी दम लागतो, छातीत दुखतं, चक्कर येऊन पडायला होतं, शौच डांबरासारखं होतं किंवा स्राव थांबत नाही, तर पुढच्या तपासण्यांची जुळवाजुळव करत बसू नका. त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खूप कमी असतील किंवा शेऱ्यात 'ब्लास्ट' अथवा 'अ‍ॅटिपिकल सेल्स' लिहिलं असेल तर लोह-बी-१२चा विचार बाजूला ठेवून थेट रक्तविकारतज्ज्ञाकडे जा. रक्त चढवायचं ठरलंच, तर डॉक्टरांना एवढं विचारा: फेरिटिन, बी-१२ आणि स्मिअरचा नमुना बाटली लावण्याआधी घेतला का? बाटली लागली की दुसऱ्याच्या पेशी मिसळतात आणि तुमच्या आरडीडब्ल्यूवरून पुढचे तीन महिने काही सांगता येत नाही.